सा अडकतो तेव्हा: सस कॉर्डमधला ताण नेमका येतो कुठून

गाण्याच्या कॉर्ड्स लिहिलेला कागद समोर असतो. C, F, पुन्हा C, मग G, सगळं ओळखीचं. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत मधेच Gsus4. बहुतेक जण तिथे सरळ G वाजवून मोकळे होतात. गाणं काही अडत नाही. पण खरं तर ते तिथे क्षणभर अडायलाच हवं होतं. त्या G ला ‘sus4’ हे शेपूट लावलंय ते एवढ्यासाठीच.

हे अडणं म्हणजे काय, ते एका छोट्या चालीवर समजून घेऊ. पांढरी एक सा धरायची, म्हणजे कीबोर्डवरचा C हा आपला सा. आपल्याला तीनच कॉर्ड्स लागतील. C म्हणजे सा ग प. F म्हणजे म ध सा. G म्हणजे प नी रे. प्रत्येकीत एक तळाचा सूर, एक मधला आणि एक वरचा. कॉर्ड मेजर आहे की मायनर, हसरी आहे की उदास, हे मधला सूर ठरवतो. सस, म्हणजे सस्पेन्डेड, कॉर्डमध्ये नेमका हा मधला सूर काढून टाकतात आणि त्याच्या शेजारचा घेतात. वरचा शेजारी घेतला की sus4, खालचा घेतला की sus2. आपल्या G मध्ये मधला सूर नी. तो काढला आणि त्याच्या जागी सा घेतला, की प सा रे. हीच Gsus4.

इथे बहुतेक ठिकाणी एक स्पष्टीकरण ऐकायला मिळतं: मधला सूर नाही, त्यामुळे कॉर्ड धड मेजर नाही, धड मायनर नाही, म्हणून ती अधांतरी वाटते. ऐकायला पटतं, पण ते अर्धवट आहे. रॉक गिटारवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, त्यात नुसता सा आणि प असतो. मधला सूर तिथेही नाही. तरी पॉवर कॉर्ड भिंतीसारखी घट्ट उभी राहते, तिला कुठेही जायचं नसतं. म्हणजे मधला सूर गायब असण्यानं संदिग्धता येते, ताण येतोच असं नाही.

मग ताण त्या तीन सुरांच्या जुळणीत असेल? तेही तपासता येतं. उजव्या हातानं सा रे प हे तीन सूर दाबून ठेवा आणि डाव्या हातानं खाली खर्जातला प वाजवा. ही झाली Gsus4. कॉर्ड पुढे झुकलेली वाटते. आता उजवा हात जराही न हलवता डाव्या हाताचा प सोडून खालचा सा वाजवा. तेच तीन सूर, पण झुकाव गेला. नुसती मोकळी, हवेशीर कॉर्ड उरली. हिचं नाव Csus2. वरच्या तीन पट्ट्या दोन्ही वेळा त्याच होत्या. बदलला तो फक्त पाया.

आपल्या कानांना हे जरा विचित्र वाटू शकतं, कारण आपण तानपुऱ्यावर वाढलेलो. तानपुऱ्याचा पाया मैफल संपेपर्यंत हलत नाही, त्यामुळे सा हा कायमचा विसावा. बाकीचे सूर बाहेर फिरून येतात, सा कुठे जात नाही. कॉर्ड्सच्या संगीतात मात्र पाया दर दोन-चार मात्रांनी सरकतो, आणि तो असा सरकवता येतो की सासारखा सासुद्धा अस्वस्थ व्हावा. Gsus4 मध्ये अडकलेला सूर कोणता, तर सा!

यामागचं कारण प्रत्यक्ष नादात आहे. कुठलाही तळाचा सूर वाजला की त्यात त्याचे उपस्वर, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर, मिसळलेले असतात. तानपुरा नीट लागला की कोणी न वाजवलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तो स्वयंभू गंधार म्हणजे षड्जाचा पाचवा उपस्वर. हाच न्याय खर्जातल्या प ला लावा. कीबोर्डवर तो साधारण ९८ हर्ट्झचा. त्याचा पाचवा उपस्वर ४९० हर्ट्झ, म्हणजे जवळजवळ नी. तुम्ही नी दाबलेला नाही, तरी खालच्या प मधून तो अंधुक ऐकू येतच असतो, आणि वर धरलेल्या सा चा दुसरा उपस्वर, सुमारे ५२३ हर्ट्झ, त्याला घासतो. आता पाया म वर न्या. खालचा म सुमारे ८७.३ हर्ट्झ. त्याचा तिसरा उपस्वर जवळजवळ २६२, आणि मध्य सप्तकातला सा २६१.६. म्हणजे म च्या पायावर सा आपल्या घरी असतो, तळाचा सूरच त्याला उचलून धरतो. पाया एक सूर वर सरकून प वर गेला, की तोच सा परका होतो.

सस्पेन्शन म्हणजे नेमकं हे: पाया सरकला, आणि एक सूर सरकलाच नाही.

आता चाल. आठ ओळी, प्रत्येक ओळ चार मात्रांची. म्हणजे केरव्याची चार आवर्तनं. एखादं बालगीत किंवा अंगाईगीत बसेल इतकी साधी:

```
C        | सा   सा   ग    प
F        | ध    ध    प    म
C        | ग    ग    प    ग
G        | रे   -    -    -
C        | सा   सा   ग    प
F        | ध    ध    प    म
Gsus4 G  | रे   -    -    -
C        | सा   -    -    -
```

आधी सातव्या ओळीत चारही मात्रा नुसती G वाजवून पाहा. चाल व्यवस्थित संपते. शाळेच्या प्रार्थनेसारखी, वेळेवर. मग लिहिल्याप्रमाणे वाजवा: पहिल्या दोन मात्रा Gsus4, पुढच्या दोन मात्रा G. लय मिनिटाला ७२ मात्रांची धरली तर सस कॉर्डला सुमारे पावणेदोन सेकंद मिळतात. तेवढ्यात काय घडतं ते उजव्या हाताच्या अंगठ्यावर नजर ठेवून पाहण्यासारखं आहे.

सहाव्या ओळीत F आहे. उजव्या हातात सा म ध, अंगठा सा वर. डावा हात खालच्या म वर. सगळे सूर एकमेकांचे, कुठेही खटका नाही. सातव्या ओळीची पहिली मात्रा आली की डावा हात म वरून प वर जातो, उजव्या हाताची बाकीची बोटं म आणि ध सोडून रे आणि प वर येतात. अंगठा मात्र उचलायचा नाही. तो सा वरच. वऱ्हाड पुढच्या गावी पोचलं आणि एक पाहुणा अजून जुन्याच मांडवात बसलाय, तशी त्या सा ची अवस्था. गाणारा याच वेळी रे वर येऊन थांबलेला असतो. मध्य सप्तकातला सा २६१.६ हर्ट्झचा, रे २९३.७ चा. दोघांत ३२ हर्ट्झचं अंतर, आणि इतक्या जवळचे दोन सूर एकत्र वाजले की कानाला ते सुटे गुळगुळीत ऐकू येत नाहीत, त्यांच्यात एक खरखर येते. ही खरखर हवी असलेली आहे. ती बेसूर वाटत नाही, कारण ऐकणाऱ्यानं तो सा क्षणापूर्वी सुरात ऐकलेला असतो. तो सूर कुठून आला हे त्याला माहीत असतं, आता तो कुठे जाणार एवढंच ठरायचं असतं.

तिसऱ्या मात्रेला अंगठा एक पट्टी डावीकडे सरकतो. सा वरून मंद्र सप्तकातल्या नी वर. बाकी काहीही हलत नाही. गाणारा रे वर तसाच, डावा हात प वर तसाच. एक बोट, अर्ध्या सुराचा प्रवास, आणि सगळी कॉर्ड एकदम स्वच्छ होते. रे आणि नी यांच्यातलं अंतर वाढलं, खरखर गेली. खालच्या प मधला तो अंधुक नी होता, त्याला वरून दुजोरा मिळाला. हे झालं विसर्जन, ज्याला संगीतवाले रिझोल्यूशन म्हणतात. आणि गंमत अशी की सुटका होऊन अंगठा जिथे पोचला तो नी स्वतःच सा कडे ओढणारा सूर आहे. आठव्या ओळीला अंगठा परत सा वर येतो, खाली आता सा चाच पाया असतो, आणि मगच चाल खऱ्या अर्थानं बसते. सा, नी, सा. पहिला सा आणि शेवटचा सा एकाच पट्टीवरचे, पण पहिल्याला तिथे राहता येत नव्हतं.

तो सा वर, म्हणजे रे वर का जात नाही? जाऊन पाहा. रे आधीच वाजतोय, त्यामुळे सा त्याच्यात विरून जातो. खरखर थांबते, पण नवं काही हाती लागत नाही. नी आलाच नाही म्हणून कॉर्डही पोकळ राहते. खाली उतरल्यावर मात्र जो सूर नव्हता तोच येतो. ताण सुटल्याचं समाधान त्या नव्या सुरामुळे आहे.

सूर आधीच्या कॉर्डमध्ये ऐकवायचा, जोराच्या मात्रेवर अडकवायचा, हलक्या मात्रेवर एक पायरी खाली सोडायचा, हा क्रम फार जुना. सोळाव्या शतकात युरोपातल्या चर्चमधल्या समूहगायनात तो रुजलेला होता. व्हिएन्नात योहान योसेफ फुक्स यांनी १७२५ साली लॅटिनमध्ये जे पाठ्यपुस्तक लिहिलं, त्यात दोन आवाज एकमेकांविरुद्ध चालवायचे पाच प्रकार आहेत आणि त्यातला चौथा पूर्णपणे अशा अडकलेल्या सुरांवरच आहे. तेव्हा ‘सस कॉर्ड’ अशी वेगळी वस्तू नव्हती. एक आवाज मागे राहिला की जो क्षण तयार होतो, त्यालाच पुढे कॉर्ड म्हणून नाव आणि खूण मिळाली.

या क्रमातली एकेक गोष्ट काढून पाहिली की ती कशासाठी होती ते कळतं. सहाव्या ओळीत F ऐवजी Dm वाजवा, म्हणजे रे म ध, खाली रे. चालीला ती चालते. पण Dm मध्ये सा नाही. आता सातव्या ओळीला सा येतो तो अडकलेला नसतो, नव्यानं आलेला असतो. कॉर्डचे सूर तेच, नाव तेच, परिणाम वेगळा: मागे राहिल्याची ओढ जाऊन एक शोभेची ठिणगी उरते. वाईट नाही, पण दुसरी गोष्ट आहे. किंवा मात्रा उलट्या करा: पहिल्या दोन मात्रा G, तिसऱ्या मात्रेला Gsus4, आणि मग थेट C. समेवर सगळं स्वच्छ आणि खटका हलक्या जागी. कान त्याला जाता-जाता घेतलेला सूर समजतो आणि सोडून देतो. सस्पेन्शनला जोराची मात्रा लागतेच, कारण श्रोता तिथे काहीतरी नक्की व्हायची वाट पाहत असतो.

बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच प्रकारे: कोणीतरी सा अडकलेला असतानाच नी वाजवतं. कीबोर्डवाला Gsus4 वाजवतोय आणि शेजारचा गिटारवाला त्याच मात्रेला साधी G. किंवा चालीतच त्या जागी नी आहे, आणि गाणारा बिचारा बरोबर गात असून चुकल्यासारखा वाटतो. मध्य सा आणि त्याच्या खालचा नी यांच्यात जेमतेम १५ हर्ट्झचं अंतर, त्यामुळे आवाज कापरा, आंबट होतो. ओळखायची खूण अशी की अशा वेळी लोक कॉर्डला दोष देत नाहीत, वाद्य उतरलंय का म्हणून विचारतात. आपल्या चालीत सातव्या ओळीला रे ठेवलाय तो म्हणूनच. रे दोन्ही कॉर्ड्समध्ये आहे, त्यामुळे गाणाऱ्यानं नुसतं स्थिर राहायचं. त्याचा लांब सूर सुरू असताना आतून हालचाल होते आणि ती स्वच्छ ऐकू येते. दुसऱ्या कोणाच्या गाण्यात सस टाकायची असेल तर आधी चालीतला सूर पाहावा. तिथे कॉर्डचा मधला सूर जोरात लागत असेल तर नाद सोडून द्यावा.

पेटीवर एकट्यानं हे वाजवताना आणखी एक अडचण येते. डावा हात भात्यावर, त्यामुळे पाया द्यायला कोणी नाही. नुसतं मध्य सप्तकातलं सा रे प वाजवलं तर कान त्याला सहज Csus2 समजेल आणि ताण उडून जाईल. उजव्या हातानंच खालचा प, मग सा आणि रे अशी मांडणी केली, म्हणजे सर्वात खालचा सूर प ठेवला, तर बरंच काम होतं.

गिटारवर G ची सस जरा अडचणीची आहे. आपण नेहमी धरतो त्या G मध्ये पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला नी असतो आणि अनेक जणांच्या पकडीत दुसरी मोकळी तारही नी च असते. एक जरी राहिली तरी घाण झाली. म्हणून गिटारवर ही चाल पांढरी दोन सा धरून, म्हणजे D मध्ये घ्यावी. तिथे F, Gsus4, G, C यांच्या जागी येतात G, Asus4, A, D:

```
G      320033
Asus4  x02230
A      x02220
D      xx0232
```

उजवीकडून दुसरा आकडा वरून खाली वाचा: ३, ३, २, ३. म्हणजे दुसरी तार. कीबोर्डवरच्या अंगठ्याचं काम इथे अनामिका करते. G ला ती दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, Asus4 ला तिथेच रोवलेली, A ला एक फ्रेट मागे, D ला परत तिसऱ्यावर. कॉर्ड बदलताना सवयीनं सगळी बोटं उचलली जातात. ही एक उचलली नाही, की हाताला सस्पेन्शन कळलं. गिटारवर D, Dsus4, D असं करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर टाकून-काढून जे वाजवतात, ते दिसायला सारखं असलं तरी त्यात पाया कुठे जात नाही. त्याचं नातं आपल्या बिहागातल्या ‘ग म ग’ शी जास्त जवळचं: पाया स्थिर, म गंधाराला डिवचून परततो.

sus2 बद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिच्यात ओढ कमी असते. तिच्यातला रे वर ग ला जाऊ शकतो, खाली सा ला जाऊ शकतो, किंवा तसाच राहिला तरी कोणाची तक्रार नसते. आणि sus4 सुद्धा प्रत्येक वेळी सुटतेच असं नाही. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांचं १९६५ चं ‘मेडन व्हॉयेज’ जवळजवळ पूर्ण सस कॉर्ड्सवरच तरंगतं. एकीतून दुसरीत जातं, सोडवत कोणालाच नाही. तिथे थोड्याच वेळात कान सुटकेची वाट पाहणं थांबवतो आणि सस हाच मुक्काम मानतो. आपल्या चालीत ताण जाणवतो, कारण आजूबाजूच्या सगळ्या कॉर्ड्स साध्या आहेत. चौथ्या ओळीतही G च्या आधी सस घालता येईल, C मध्ये सा आहेच, तयारी झालेलीच आहे. मी घालणार नाही. तिथे ऐकून झालेली युक्ती सातव्या ओळीत नवी राहत नाही.

त्यापेक्षा शेवट अजून लांबवायचा असेल तर आठव्या ओळीत जागा आहे. सातव्या ओळीच्या तिसऱ्या मात्रेला साध्या G ऐवजी G7 घ्या: उजव्या हातात मंद्र नी, रे, म. आठवी ओळ सुरू होताना डावा हात सा वर न्या, नी चा सा करा, रे सोडा आणि म मात्र धरून ठेवा. गाणारा सा वर पोचलाय, पाया सा वर पोचलाय, आणि म अजून मागेच आहे. दोन मात्रांनी तो ग वर उतरवा. प्रार्थनेला किंवा समूहगीताच्या शेवटच्या कडव्याला हे शोभतं. अंगाईगीताला नको, तिथे सातव्या ओळीतलं एक पुरे.